गुळाच्या करारातली दोन कलमं : ‘सगळ्यांत कमी दर आम्हाला’ आणि ‘माल फक्त आम्हाला’

फेब्रुवारीत एके दुपारी आबा ऑफिसात आले ते हातात गुंडाळी केलेलं पाकीट घेऊन. करवीर तालुक्यात त्यांचं गुऱ्हाळ आहे, एका हंगामात साधारण ऐंशी टन गूळ निघतो. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका कंपनीशी त्यांनी करार केला. आबांनी एक किलोच्या ढेपी पॅक करून पुण्याच्या गोदामात पोचवायच्या, कंपनी त्या स्वतःच्या नावाने विकणार. पाकिटात कंपनीचं पत्र होतं : ‘कलम ११ नुसार रु. ४,८०,००० आपल्या प्रलंबित बिलांतून वळते करत आहोत.’

“वकीलसाहेब, गूळ नेला त्यांनी, खाल्ला लोकांनी. आता पैसं परत कशाचं मागत्यात?”

पत्रातला हिशोब चुकीचा नव्हता. करारात लिहिलं होतं तसाच होता. आबांनी जानेवारीत रंग काळपट आलेला सहा टन गूळ कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सौद्याला लावला होता, तिथे त्याला किलोला ५२ रुपये पडले. कंपनीचा दर होता ६४. करारात एक वाक्य होतं, की विक्रेता हेच किंवा यासारखं उत्पादन इतर कुणालाही कमी दराने विकेल तर तोच दर आम्हालाही लागू होईल, आणि तोही हंगामाच्या सुरुवातीपासून. तोवर कंपनीला ४० टन माल गेला होता. चाळीस हजार किलो गुणिले बारा रुपये, चार लाख ऐंशी हजार.

या कलमाला वकिली भाषेत ‘मोस्ट फेवर्ड कस्टमर’ म्हणतात. कुठे ‘बेस्ट प्राइस’, कुठे ‘प्राइस पॅरिटी’ असंही लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा दुसरं कलम असतं ते ‘एक्सक्लुझिव्हिटी’चं, म्हणजे माल फक्त आम्हालाच द्यायचा. एकेकटं कलम सोसता येतं. दोन्ही एकत्र आली की अडकित्त्याची दोन पाती होतात आणि मधली सुपारी म्हणजे आपण. ती पाती कशी ओळखायची, सहीआधी हिशोब कसा मांडायचा, वाक्यं कशी बदलून मागायची आणि सही होऊन गेली असेल तर काय करायचं, ते या गुळाच्या उदाहरणावरूनच सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. मसाला, चप्पल, कास्टिंग, काहीही पुरवत असाल तरी हिशोब हाच लागतो.

आधी कलम सापडलं पाहिजे

‘मोस्ट फेवर्ड कस्टमर’ असं ठळक शीर्षक देऊन हे कलम फारसं कुणी छापत नाही. आबांच्या करारात ते ‘किंमत व देयके’ या भागाच्या तिसऱ्या परिच्छेदात होतं, आणि ‘किंमत’ या शब्दाची व्याख्या पहिल्याच पानावर. ती व्याख्या न वाचता कलम ११ वाचलं तर निम्मंच कळतं. त्यात लिहिलं होतं की किंमत म्हणजे ‘सर्व सवलती, योजना, मोफत माल व उधारीचा लाभ वजा जाता उरणारी रक्कम’. म्हणजे गावातल्या किराणा दुकानदाराला दहा पेट्यांवर एक पेटी फुकट दिली, तरी तो दर कमी झालाच.

दुसरी लपायची जागा म्हणजे पर्चेस ऑर्डर. मुख्य करार साधा असतो, आणि दर महिन्याला येणाऱ्या ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘सर्वसाधारण अटी’ असतात. त्यात हे वाक्य असेल आणि तुम्ही काही न बोलता माल पाठवला, तर ‘अटी मान्य करूनच पुरवठा केला’ असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. करार आणि ऑर्डर यांत फरक पडला तर कुठला कागद मोठा, हे करारात लिहून घ्या. मी नेहमी ‘करार मोठा’ असं लिहून घेतो.

कलम हाती लागलं की त्याला पाच प्रश्न विचारायचे. तुलना कुठल्या मालाशी, ‘हेच उत्पादन’ की ‘यासारखं’? तुलना कुठल्या गिऱ्हाइकाशी, एवढीच खरेदी करणाऱ्याशी की कुणाशीही? नुसता दर सांगितला तरी चालू होतं, की खरोखर विक्री व्हावी लागते? दर उतरला तर पुढच्या मालाला की मागच्यालाही? आणि हे तपासणार कोण, कशावरून?

आबांच्या करारात पाचही उत्तरं कंपनीच्या बाजूची होती. ‘यासारखं उत्पादन’, ‘कोणतीही व्यक्ती’, ‘देऊ केलेला किंवा आकारलेला दर’, ‘हंगामाच्या प्रारंभापासून’, आणि तपासणीला कंपनीचा माणूस केव्हाही येऊन वह्या पाहणार. यार्डातली अडत्याची पट्टी आबांच्याच फायलीत होती. कंपनीच्या ऑडिटरला ती पंधरा मिनिटांत सापडली.

मग हिशोब : कुठल्या दराखाली विकायचं नाही

आबा म्हणाले, “सहा टन काळा गूळ, त्याचं तीन लाख बारा हजार आलं. तेवढं तरी सुटलं.”

सुटलं नव्हतं. त्या विक्रीपायी चार लाख ऐंशी हजार परत जाणार होते. शिवाय दर एकदा ५२ वर आला की तो तिथेच बसतो. हंगामातले उरलेले दहा टनही आता ५२ नेच द्यायचे, म्हणजे आणखी एक लाख वीस हजार कमी. एकूण खड्डा सहा लाखांचा आणि हातात आले तीन लाख बारा हजार. तो सहा टन गूळ उकिरड्यावर टाकला असता तर आबांचे जवळपास दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार वाचले असते. हे ऐकून आबा काही बोलले नाहीत, त्यांनी चष्मा काढून पुसला.

कलमाचा खरा जाच इथे आहे. ते तुम्हाला कमी दराने विकायला मना करत नाही, तशी मनाई असती तर निदान डोळ्यांना दिसली असती. ते फक्त दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिलेली प्रत्येक सवलत मोठ्या गिऱ्हाइकाच्या सगळ्या मालाला लावतं. मोठं गिऱ्हाईक जितकं जास्त माल उचलतं, तितकी छोट्या गिऱ्हाइकाला सवलत देणं महाग होत जातं. दोन-तीन वर्षांत छोटी गिऱ्हाइकं तुटतात, आणि विक्रेत्याला वाटतं की ती आपोआप गेली.

सही करण्याआधी एक भागाकार करून पाहा. कराराखाली वर्षाला येणारी रक्कम घ्या : पन्नास हजार किलो गुणिले ६४, म्हणजे बत्तीस लाख. तिला एकूण किलोंनी भागा, म्हणजे कंपनीचे पन्नास हजार आणि बाहेर विकायचे सहा हजार, मिळून छप्पन हजार. उत्तर येतं ५७ रुपये १४ पैसे. बाहेरचा माल या दराखाली विकला तर विकण्यापेक्षा न विकलेला बरा. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. आणि मग स्वतःला विचारा, की आपल्या धंद्यात वर्षातून एकदा तरी यापेक्षा खाली जायची वेळ येते का?

गुळाच्या धंद्यात ती येतेच. ऊस एकसारखा येत नाही, गुळव्याचा हात एखाद्या दिवशी चुकतो, काहिलीत रस थोडा जास्त आटला की रंग जातो. ऐंशी टनांत पाच-सात टन माल असा निघतो. तो पावसाळ्यापर्यंत ठेवावा तर दमट हवेत गुळाला पाणी सुटतं, कोल्डस्टोरेजचं भाडं निराळंच. म्हणून तो यार्डात नेऊन सौद्याला लावतात, आणि सौद्यातला भाव आपल्या हातात नसतो. दुसऱ्याच्या बोलीवर ठरणारा दर ‘विक्रेत्याने दिलेली सवलत’ म्हणून मोजायचा, हा या कलमातला सगळ्यांत अन्यायाचा भाग.

तुलना समान पातळीवर आणा

६४ आणि ५२ हे दोन आकडे मुळात एका जातीचे नाहीत. ६४ मध्ये छापील वेष्टन आणि खोका आहे, त्याला किलोमागे चार रुपये लागतात. पुण्यापर्यंतची गाडी आणि चढ-उतार तीन रुपये. पैसे पंचेचाळीस दिवसांनी येतात, बँकेच्या बारा टक्क्यांनी त्याचं व्याज किलोमागे पंचाण्णव पैसे. म्हणजे गुऱ्हाळाच्या दारात, रोखीने, सुटा असा कंपनीचा दर ५६ रुपये होतो. यार्डातला ५२ पण सुटा. उरला फरक चार रुपयांचा आणि तो काळपट रंगाचा. त्याच आठवड्यात पिवळाधमक गूळ त्याहून चढ्या भावाने गेला होता.

कंपनीला आम्ही जे उत्तर पाठवलं त्यात मुख्य मुद्दा हाच होता. ‘यासारखं उत्पादन’ या शब्दांत रंग न जमल्याने तुमच्याच माणसाने नाकारलेला माल बसूच शकत नाही. नाकारल्याचा ईमेल आबांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये होता, तारखेसकट. तो नसता तर आमचं उत्तर लंगडं पडलं असतं. म्हणून नाकारलेल्या मालाचा ईमेल, फोटो, वजनाची काटापट्टी या गोष्टी जपून ठेवा. फोनवरचं ‘हा लॉट नको’ पुरत नाही.

‘माल फक्त आम्हाला’ : यात त्यांच्यावर काय बंधन आहे?

एक्सक्लुझिव्हिटीचं कलम वाचताना लोक आपल्यावरचं बंधन वाचतात. मी आधी दुसरीकडे बघतो : खरेदीदाराने किमान किती घ्यायचं ते लिहिलंय का? आबांच्या करारात ‘अंदाजे वार्षिक गरज ५० टन’ असं होतं. ‘अंदाजे’ या एका शब्दाने कंपनी मोकळी. तिने वीसच टन उचलले असते तरी करार मोडला नसता, आणि आबांना मात्र पॅक केलेला एक किलोही दुसऱ्याला देता आला नसता. उरलेला माल सुटा करून सौद्यात घालायचा, तो कमी दराने जायचा, आणि मग पहिलं कलम जागं व्हायचं. पाती मिटतात ती अशी.

दुसरं बघायचं ते बंधनाची रुंदी. ‘हे पॅकिंग, आमच्या ब्रँडचं’ एवढ्यापुरतं बंधन रास्त आहे. आपल्या नावाचं वेष्टन कंपनी दुसऱ्याच्या हातात कशी जाऊ देईल? ‘एक किलोची ढेप कुणालाच नाही’ हे त्याहून रुंद. ‘ऊसजन्य कोणतंही उत्पादन’ म्हटलं की काकवी आणि गूळ पावडरही गेली. आणि ‘विक्रेत्याची संपूर्ण उत्पादनक्षमता’ असं असेल तर तुम्ही स्वतःच्या गुऱ्हाळात मजूर झालात, फक्त चिपाडाचा आणि गुळव्याचा खर्च तुमचा.

तिसरं, कराराच्या शेवटी शेपटी लावलेली असते. करार संपल्यावर एक वर्ष दुसऱ्याला माल नाही, किंवा दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला विचारायचं. या शेपटीबद्दल कायदा विक्रेत्याच्या बाजूचा आहे, ते पुढे येईलच.

बंधन घ्यायचंच असेल तर त्याची किंमत काढा. आबा आधी पंधरा टन पॅक गूळ कोल्हापूर-सांगलीच्या दुकानांना ६६ ने देत होते. त्यातून वेष्टनाचे चार आणि पोचवायचे दोन वजा करा, राहिले साठ. कंपनीच्या बंधनामुळे तो माल सुटा करून यार्डात नेला तर सरासरी ५४ धरू. किलोमागे सहा रुपये गेले, पंधरा हजार किलोंवर नव्वद हजार. हे नव्वद हजार कंपनीच्या पन्नास हजार किलोंवर वाटले तर किलोला एक रुपया ऐंशी पैसे येतात. ६४ च्या वर एवढं मिळत नसेल, तर बंधन फुकट दिलं असा अर्थ. बोलणी करताना ‘दर वाढवा’ म्हणण्यापेक्षा हा कागद टेबलावर ठेवलेला जास्त चालतो, कारण समोर बसलेल्या खरेदी अधिकाऱ्यालाही वर दाखवायला काहीतरी लागतं.

वाक्यं कशी बदलून मागायची

“कलमच काढा” म्हटलं तर बहुधा नाही म्हणतात. वरून आलेला साचा असतो, आणि तुमच्यासाठी तो बदलायचा अधिकार समोरच्याला नसतो. पण कलम ठेवून त्यातले शब्द बदलायला ते बऱ्याचदा तयार होतात. दुसऱ्या हंगामाच्या करारात आम्ही जे मागितलं त्याचा मराठी मतलब खाली देतो, इंग्रजी मसुदा वकिलाकडून करून घ्या.

> ‘विक्रेता त्याच तिमाहीत, त्याच प्रतीचा व त्याच पॅकिंगचा माल, तेवढ्याच किंवा त्याहून कमी प्रमाणात, तेवढ्याच उधारीवर व त्याच ठिकाणी पोच देऊन, दुसऱ्या खासगी खरेदीदारास कमी दराने विकत असेल, तर खरेदीदार त्या तारखेनंतरच्या ऑर्डरींसाठी दराचा फेरविचार मागू शकेल. बाजार समितीतील सौदे, खरेदीदाराने नाकारलेला माल, आणि विक्रेत्याच्या स्वतःच्या दुकानातील किरकोळ विक्री यांना हे कलम लागू नाही. आधी दिलेल्या मालाच्या रकमेचा परतावा देय नाही.’

यातले तीन तुकडे मी सोडत नाही. एक, ‘त्या तारखेनंतरच्या’. मागचा परतावा गेला की कलमाची निम्मी धार जाते, कारण विकून, खर्च करून झालेल्या पैशावर टांगती तलवार राहत नाही. दोन, ‘फेरविचार मागू शकेल’. दर आपोआप उतरत नाही, बसून बोलावं लागतं, आणि जमलं नाही तर दोघांपैकी कुणीही एक महिन्याच्या नोटिशीने मोकळा होऊ शकतो. तीन, सौदे आणि नाकारलेला माल बाहेर. ‘तेवढ्याच किंवा त्याहून कमी प्रमाणात’ हे शब्दही बारकाईने बघा. तुमच्याकडून उद्या कुणी दुप्पट माल उचलणार असेल तर त्याला कमी दर देणं स्वाभाविक आहे, त्याचा फायदा निम्मा माल नेणाऱ्याला कशाला?

तपासणीबद्दल : वर्षातून एकदा, सात दिवस आधी कळवून, दोघांना मान्य असलेल्या सीएकडून. आणि त्या सीएने कंपनीला फक्त ‘कलम पाळलं’ किंवा ‘पाळलं नाही, फरक इतका’ एवढंच कळवायचं. तुमच्या गिऱ्हाइकांची नावं आणि दर कंपनीच्या हाती जाऊ देऊ नका. आज ती खरेदीदार आहे, उद्या तुमच्याच गिऱ्हाइकाच्या दारात उभी असेल.

बंधनाच्या कलमात मागायचं ते असं. किमान खरेदी महिन्यावार लिहायची, हंगामावार नाही, कारण हंगामाचा हिशोब मार्चमध्ये लागतो आणि तोवर गूळ निघून गेलेला असतो. आम्ही लिहून घेतलं की ठरलेल्या मालाच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी खरेदी सलग दोन महिने झाली, किंवा बिल पंचेचाळीस दिवसांत मिळालं नाही, तर बंधन आपोआप गळून पडेल, पुरवठा मात्र चालू राहील. जुन्या दुकानदारांची यादी परिशिष्टात जोडली, त्यांना बंधन लागू नाही. मुदत एका हंगामाची, नूतनीकरण लेखी.

कंपनीने यातलं सगळं मान्य केलं नाही. यार्ड आणि नाकारलेला माल सोडला, मागचा परतावा सोडला. जुन्या दुकानदारांपैकी सांगलीकडचे कापले, कारण तिथे तिचा स्वतःचा वितरक होता. दराच्या फेरविचाराऐवजी तीस दिवसांत दर उतरवायचाच, यावर मात्र ती अडून बसली. आम्ही ते घेतलं, कारण परतावा नसेल तर फटका पुढच्या मालापुरताच राहतो.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

अनेक जण म्हणतात, “धंदा करायला बंदी घालणारा करार रद्दच असतो ना?” भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मध्ये तसं आहे खरं. पण करार चालू असताना ‘दुसऱ्याला देऊ नका’ हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने साधारणपणे वैध धरलंय. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला हा १९९५ चा निकाल त्यातला नेहमी दाखवला जाणारा. करार संपल्यानंतरचं बंधन मात्र कलम २७ मध्ये अडकतं. २००६ च्या पर्सेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान या निकालात, करार संपल्यावर ‘दुसऱ्याचा प्रस्ताव आधी आम्हाला दाखव’ ही अटही टिकली नाही. म्हणून वर सांगितलेल्या शेपटीला घाबरू नका, पण हंगामाच्या मध्यावर ‘कलम २७ आहे’ म्हणून दुसऱ्याची गाडीही भरू नका.

स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३(४) पुरवठादार आणि खरेदीदार यांच्यातल्या अशा करारांबद्दल आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना हॉटेलांवर दराची बरोबरी लादण्यासारख्या अटींसह इतर वर्तनासाठी २२३.४८ कोटींचा दंड लावला. कलमाची जात तीच. पण आयोग बघतो ते सगळ्या बाजारावरचा परिणाम आणि लादणाऱ्याची ताकद. एका गुऱ्हाळाला करार जाचक ठरला, एवढ्यावर तिथे काही हलत नाही.

करार कायद्याच्या कलम ७४ चाही आधार घ्यावासा वाटतो. आधीच ठरवलेला दंड असला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा. बंधन मोडलं म्हणून लावलेल्या ठोक दंडाला हे कलम उपयोगी पडतं. दराच्या परताव्याला तितकं नाही, कारण कंपनी म्हणते की हा दंडच नव्हे, ही किंमत ठरवायची पद्धत आहे. या युक्तिवादात दम आहे, म्हणून परताव्याची लढाई न्यायालयात न्यायची वेळ येण्याआधी मसुद्यातच लढायची.

छोट्या उत्पादकाच्या हातातलं खरं हत्यार वेगळं आहे : सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६. उद्यम नोंदणी असेल तर करारात काहीही लिहिलं तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागतं. मालाबद्दल तक्रार असेल तर ती खरेदीदाराने पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी करायची, नाहीतर माल स्वीकारला असं धरतात. बिलातून परस्पर वळती केलेली रक्कम आम्ही ‘थकलेलं बिल’ म्हणूनच मांडली. थकलेल्या पैशांचे वाद याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे नेता येतात, आणि ती विक्रेता जिथे आहे तिथली चालते. करारात लवादाचं ठिकाण लांबच्या शहरात लिहिलेलं होतं. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय याचा आपल्याला अभिमान आहे, पण करारात दुसरं गाव लिहून सही केली की त्या अभिमानाचा उपयोग नाही. नोंदणी मात्र पहिला माल पाठवण्याआधी हवी, भांडण लागल्यावर केलेली नोंदणी मागच्या मालाला कामी येत नाही.

सही होऊन गेली असेल तर

कलम ११ सारखं कलम अंगावर असताना आबांनी करायला हवं होतं, आणि आता करतात, ते एवढंच. बाहेरची प्रत्येक विक्री एका वहीत : तारीख, प्रत आणि रंग, सुटा की पॅक, पोच कुठे, उधारी किती दिवस, आणि दर. पाच-सहा रकाने. नाकारलेल्या मालाचा वेगळा लॉट नंबर. यार्डात नेण्याआधी कंपनीला एक ईमेल, ‘अमुक तारखेला आपण नाकारलेला सहा टन माल सौद्यात घालत आहोत, तो करारातील प्रतीचा नाही’. उत्तर येवो न येवो, ईमेल गेलेला असावा.

बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढून तिच्यातून विकायची युक्ती मला वर्षातून दोनदा तरी ऐकवली जाते. बहुतेक करारांत ‘संलग्न व्यक्ती व संस्था’ हे शब्द असतात, आणि नसले तरी एकाच काहिलीतून दोन बिलं निघाली तर ते लपवणं ठरतं. त्यातून कलमाच्या भांडणाचं फसवणुकीचं भांडण होतं.

आणि वळती रक्कम क्रेडिट नोटने मागितली, तर ती कापण्याआधी तुमच्या सीएला विचारा. क्रेडिट नोट काढली म्हणजे परतावा मान्य केला, असं कागद बोलतो. शिवाय ती जीएसटीसकट आहे की नुसत्या रकमेची, यावर भरलेला कर परत मिळणार की बुडणार ते ठरतं. आबांच्या मुलाने घाईत क्रेडिट नोट तयार करून ठेवली होती, नशिबाने पाठवली नव्हती.

कंपनीशी आमची पत्रापत्री सात आठवडे चालली. सुविधा परिषदेचं नाव दुसऱ्या पत्रात आलं, तिसऱ्यानंतर त्यांचा माणूस कोल्हापूरला आला. शेवटी नाकारलेला माल तुलनेतून वगळायचं त्यांनी कबूल केलं आणि चार लाख पंचावन्न हजार सोडले. राहिलेले पंचवीस हजार एका दुकानदाराला दिवाळीत फुकट दिलेल्या पेट्यांबद्दल होते. तो हिशोब करारात बसत होता, आबांनी तो भरला.

यंदाचा करार गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरातच झाला. चुलवण पेटल्यावर आणि ऊस दारात येऊन पडल्यावर बोलणी करायला गेलं की समोरच्याला तुमची घाई दिसते. परवा आबांचा यार्डातून फोन आला. “वकीलसाहेब, चार टन काळा निघालाय. मेल काल संध्याकाळी टाकलाय पोरानं. सौद्याला लावू नव्हं?”

“लावा,” म्हटलं, “आणि पट्टी वहीत चिकटवा.”